पाच दिवसांचा उशीर

(दृश्य : पासपोर्टच्या पानावरचा अमेरिकेचा व्हिसा. कॅमेरा मुदतीच्या तारखेवर स्थिरावतो : मार्च २०३१.)

निवेदन :
मुलीचं बाळंतपण करायला अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या पासपोर्टात बहुतेक वेळा हा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा असतो. घरात सगळ्यांना त्यावरची तारीख पाठ असते. पण तिथे किती दिवस राहायचं हे ती तारीख ठरवत नाही. व्हिसा तुम्हाला विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहण्यापुरता उपयोगी. मुक्काम किती, ते तो अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद होते आय-९४ नावाच्या दाखल्यात. विमानाने येणाऱ्यांना हा दाखला २०१३ पासून कागदावर मिळत नाही, त्यामुळे तो अनेकांच्या नजरेसही पडत नाही.

(दृश्य : संगणकाचा पडदा. i94.cbp.dhs.gov. “Admit Until Date” या ओळीवर बोट.)

समजा, सांगलीचं एक निवृत्त जोडपं १२ मे २०२५ ला शिकागोला उतरलं. अधिकाऱ्याने नेहमीप्रमाणे सहा महिने दिले, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत. नातवाचं बारसं झालं, जावयाने स्वस्तातलं तिकीट शोधलं, ते निघालं १६ नोव्हेंबरचं. “व्हिसा तर एकतीस सालापर्यंत आहे,” असं म्हणून सगळे निर्धास्त. निघताना कुणी अडवलं नाही, दंड नाही, शिक्का नाही. अमेरिकेतून बाहेर पडताना शिक्का मारायची पद्धतच नाही. पण विमान कंपनी प्रवाशांची यादी सरकारला पाठवते आणि आय-९४ च्या नोंदीत जाण्याची तारीख आपोआप बसते.

आता या पाच दिवसांचं काय होतं?

अमेरिकेच्या कायद्यानुसार, मुदत उलटून एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी ज्या व्हिसावर आलात तो तिथेच रद्द होतो. पत्र येत नाही, पासपोर्टवरचा कागद तसाच चकचकीत राहतो आणि त्यावर २०३१ हेच छापलेलं असतं. फसगत होते ती इथे. दोन वर्षांनी दुसऱ्या नातवासाठी हे दोघं त्याच व्हिसावर निघाले, तर विमानतळावरूनच परत पाठवलं जाऊ शकतं, आणि अधिकाऱ्याने रीतसर हद्दपारीचा आदेश काढला तर सहसा पाच वर्षं दार बंद.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. “तीन वर्षांची बंदी लागते” असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. ती बंदी बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला तर लागते, वर्ष उलटलं तर दहा वर्षांची. पाच दिवसांना ती लागू नाही.

(दृश्य : मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीबाहेरची रांग.)

म्हणजे नवा व्हिसा काढायचा. तोही आपल्या देशातूनच, त्यामुळे दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला एरवी तिथूनच अर्ज करता आला असता, तरी आता भारतात यावं लागतं. मुलाखतीतून सूट मिळण्याची आशाही सोडून द्यायची. डीएस-१६० अर्जात सरळ प्रश्न आहे : दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिलात का? इथे “नाही” लिहायचा मोह होतो, एजंटही कधी तसंच सुचवतात. असं अजिबात करू नये. अधिकाऱ्यासमोर दोन्ही तारखा असतात. पाच दिवसांचा उशीर माफ होऊ शकतो, पण खोटी माहिती दिल्याचा ठपका कायमची अपात्रता आणतो.

“हो” लिहिलं म्हणून नकार ठरलेलाच असतो असं नाही. पण पर्यटक परत जाईल का, हे अधिकाऱ्याला पटवायची जबाबदारी अर्जदाराची असते आणि मागच्या वेळी तो उशिरा गेलेला असतो. नकार मिळालाच, तर त्याची सावली अमेरिकेपुरती राहत नाही. कॅनडा आणि ब्रिटनच्या अर्जांतही, कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, हे विचारतात.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, ११ तारखेभोवती लाल वर्तुळ.)

उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात जावयाने संकेतस्थळावर ती तारीख पाहिली असती, तर तिकीट आधीचं निघालं असतं. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल, तर कधीकधी सहा महिन्यांऐवजी तेवढ्याच दिवसांची परवानगी मिळते, म्हणून अंदाजाने मोजण्यात अर्थ नाही. जास्त राहायचं खरंच कारण असेल, तर मुदत संपण्याआधी आय-५३९ हा अर्ज भरायचा. निदान ४५ दिवस आधी भरावा, असा तिथल्या खात्याचाच सल्ला आहे.

आणि आजारपणाने अडकलात, तर रुग्णालयाचे कागद, डॉक्टरांची प्रवासमनाईची चिठ्ठी, बदललेल्या तिकिटाची पावती, सगळं तारखांसकट जपून ठेवा. रद्द झालेला व्हिसा त्याने परत मिळत नाही. पण पुढच्या मुलाखतीत “उशीर का झाला?” असं विचारल्यावर खिडकीतून आत सरकवायला तेवढंच हाताशी असतं.