बसलेल्या माणसाची उंची

व्हीलचेअरवरच्या माणसासाठी घर बदलायचं तर काय मोजायचं, यासाठी कोथरूडच्या एका जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट उदाहरण म्हणून घेऊ. घरातल्या ताई मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअरवर आहेत, बोटांतही पुरेशी ताकद राहिलेली नाही. मिस्त्री टेप घेऊन भिंती मोजायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. आधी ताईंना मोजायचं, तेही त्यांच्याच खुर्चीत, रोजच्या उशीवर, पाय पायट्यावर ठेवून.

खुर्चीची रुंदी भरली 25 इंच. बाथरूमच्या चौकटीच्या आत 30 इंच जागा होती, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण दार काटकोनात उघडलं तरी त्याची जाडी दीडेक इंच खाते. उरले साडेअठ्ठावीस. चाक ढकलणाऱ्या हाताला दोन्हीकडे दोन इंचसुद्धा मिळत नाहीत, आणि समोरच्या अरुंद बोळातून वळून आत शिरायचं म्हटलं की बोटं सोलवटतात. इथे भिंत फोडावी लागली नाही. लाकडी चौकटच दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंच अडवून बसली होती. ती काढली, कडेला पातळ ग्रॅनाइट लावला आणि दार बाहेरून सरकतं केलं. 34 इंच मिळाले. आत उघडणारं दार मला मुळीच नको असतं. आतलं माणूस दारामागे पडलं तर ते उघडता येत नाही.

कमोडची उंची खुर्चीशी जुळवायची, पण उशी दबल्यानंतरच्या उंचीशी. भिंतीवर बसवायचा कमोड घेतला की हवी ती उंची ठेवता येते.

सगळ्यात चुकतो तो स्वयंपाकघरातला ओटा. नेहमीचा ओटा 34 इंचांचा. इथे तो 31 वर आणला आणि खालची कपाटं काढली. तरी गुडघे अडलेच असते, कारण आधीचं सिंक नऊ इंच खोल होतं, म्हणजे त्याचा तळ जमिनीपासून 22 इंचांवर आला असता. ताईंचे गुडघे 24 वर. म्हणून सहा इंचांचं उथळ सिंक घेतलं आणि पाणी जायचा पाईप मागच्या भिंतीकडे सरकवला.

नळाचं काय? ओटा दोन फूट खोल, नळ मागच्या भिंतीवर. ताईंचा हात पुढे जेमतेम 20 इंच पोचतो. तोटी कितीही चांगली असली तरी हात पोचत नसेल तर काय उपयोग? म्हणून नळ सिंकच्या उजव्या कडेला घेतला, लांब दांड्याचा, कोपराने ढकलता येईल असा. फिरवायच्या चकतीला मूठ आवळावी लागते, ती ताईंना आवळता येत नाही. वरची कपाटं 58 इंचांपासून सुरू होत होती. बसल्या जागेवरून बाजूला हात केला तर साधारण 15 ते 48 इंचांमधलंच हाताला लागतं, ओट्यावरून पुढे वाकायचं तर त्याहून कमी. रोजचे डबे मग बाजूच्या उथळ मांडणीत आले.

आणि सिंकखाली गरम पाण्याची नळी उघडी ठेवू नका. ताईंच्या मांड्यांना संवेदना नाही. चटका बसला तरी त्यांना कळणार नाही. त्या नळीला फोमचं वेष्टण हवंच.