‘टु’ आणि क्रियापद यांच्या मधली जागा

...तर मंडळी, तो ‘हळूहळू’चा किस्सा सांगतो. तीस वर्षं झाली, अजून सलतो.

एका संस्थेने वसतिगृह टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं होतं. पत्राचं इंग्रजी माझ्याकडे आलं. मी लिहिलं, ‘डिसायडेड टु ग्रॅज्युअली क्लोज द हॉस्टेल’. साहेबांनी ‘ग्रॅज्युअली’भोवती लाल गोल काढला. म्हणाले, “स्प्लिट इन्फिनिटिव्ह! ‘टु’ आणि क्रियापद यांच्यात काही घालायचं नाही.” मग झालं ‘डिसायडेड ग्रॅज्युअली टु क्लोज’. पुढे दुसऱ्या कोणीतरी त्या इंग्रजीवरूनच पालकांसाठी मराठी पत्रक काढलं: ‘वसतिगृह बंद करण्याचा निर्णय संस्थेने हळूहळू घेतला आहे.’ पालक दुसऱ्या दिवशी ट्रंका न्यायला हजर! त्या अनुवादकाला मी दोष देत नाही. ‘ग्रॅज्युअली’ दोन क्रियापदांच्या मधोमध ठेवलं, त्याने ते जवळच्या ‘डिसायडेड’ला जोडलं.

तुम्ही म्हणाल, शेवटी ठेवायचं, ‘टु क्लोज द हॉस्टेल ग्रॅज्युअली’. चालतं, वाक्य आखूड असेल तर. पण हॉस्टेलपुढे ‘जिथे मुलं राहतात’ अशी शेपटी लागली, की ते राहण्यालाच जाऊन चिकटतं. आणि ‘टु मोअर दॅन डबल’, म्हणजे दुपटीहून जास्त करणं, यातलं ‘मोअर दॅन’ हलवून दाखवा बरं. जागाच नाही.

हा नियम आला कुठून? इंग्लंडमधले धर्मगुरू आणि लेखक हेन्री आल्फर्ड यांनी 1864 साली हरकत घेतली. कारण काय दिलं? ‘टु’ आणि क्रियापद आपण नेहमी अभेद्य मानतो, एवढंच. अर्थ बिघडतो, असं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. दुसरा नियम भरभर सांगतो: वाक्याच्या शेवटी ‘फ्रॉम’, ‘टु’, ‘विथ’ असं प्रेपोझिशन येऊ द्यायचं नाही. 1672 मध्ये कवी ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सनची एक ओळ दोषी ठरवली: ‘द बॉडीज दॅट दोज सोल्स वेअर फ्रायटेड फ्रॉम’. शेवटी ‘फ्रॉम’ आलं म्हणून. मग स्वतःच्या जुन्या निबंधातलीही तशी वाक्यं त्यांनी बदलली. 1762 मध्ये बिशप लाउथ यांनी इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात या रचनेबद्दल लिहिलं, की आपली भाषा तिच्याकडे फार झुकते. आणि त्या वाक्यात ‘टु’ ठेवलं ‘इन्क्लाइन्ड’नंतर, शेवटी! ते तिला बोलण्यातली आणि साध्या लेखनातली रचना म्हणतात, गंभीर लेखनात दुसरी बरी म्हणतात. बंदी घालत नाहीत.

आपल्याला हे खटकतं, कारण आपलं ‘वर’, ‘साठी’ नामाला चिकटून येतं, ‘खुर्चीवर’, ‘मुलांसाठी’. इंग्रजीत ‘द मॅटर वॉज डेल्ट विथ’ म्हटलं, तर त्या ‘विथ’ला मागे न्यायला नामच उरत नाही. तिथे नियम पाळायचा तर वाक्यच मोडावं लागतं.

म्हणून मी दोन्ही नियम सोडले. एक मात्र पाळतो: ‘टु’ आणि क्रियापद यांच्यात एकच शब्द, फार तर दोन. पाच-सहा शब्द घातले, की क्रियापद येईपर्यंत वाचक ‘टु’ विसरतो.