उभी काठी आणि १ हर्ट्झचा फिल्टर

प्रयोग साधाच आहे. रुळावर मोटरने पळणारी गाडी, तिच्यावर खालच्या टोकाला बिजागरीसारखी बसवलेली ६० सेंटिमीटरची काठी, आणि कोन मोजायला एन्कोडर. काठी कलली की गाडी त्याच बाजूला, तिच्या खाली पळवायची, बस.

एका ग्रुपची काठी छान उभी राहिली, पण मोटर सारखी घरघरत होती, कारण कोनावरून वेग काढताना एन्कोडरचा नॉइज फुगतो. मग पोरांनी सिग्नलवर १ हर्ट्झचा लो-पास फिल्टर टाकला, म्हणजे त्याहून जलद बदल गाळले जातात. घरघर गेली आणि काठी झोके वाढवत वाढवत पडली. गेन, म्हणजे कलाला मोटर किती जोरात उत्तर देते ते प्रमाण, वाढवला तरी झोकेच, बराच कमी केला तर झोका न घेता सरळ आडवी.

आता ओव्हनचं तापमान असतं तर गेन कमी केल्यावर फार तर काम सुस्त झालं असतं, सिस्टिम हातातून गेली नसती. इथे तसं नाही. एकसारख्या जाडीच्या काठीला परिणामकारक लांबी l दोन तृतीयांश धरायची, म्हणजे ०.४ मीटर, आणि √(g/l) काढलं की साधारण ५ रेडियन पर सेकंद येतात. हा अस्थिर पोल, त्याला p म्हणू. अर्थ असा की काहीच केलं नाही तर कल दर ०.१४ सेकंदाला दुप्पट होतो. फिल्टरचा उशीर? ०.१६ सेकंद! म्हणजे कंट्रोलरला कल कळेपर्यंत तो दुपटीच्या वर गेलेला.

गणितात हे फार नेमकं बसतं. बंद लूपचं ट्रान्सफर फंक्शन T घ्या, म्हणजे मागितलेल्या कोनातला किती प्रत्यक्षात उतरतो ते गुणोत्तर; कंट्रोलर कुठलाही असो, लूप स्थिर ठेवायचा तर T(p) = 1 असावंच लागतं. त्यामुळे T ला p च्या आधीच खाली घसरायची परवानगीच नाही (मला हे समीकरण जाम आवडतं, कारण ते कंट्रोलरचं ऐकतच नाही). T चं शिखर २ पर्यंत चालवून घेतलं तर बँडविड्थ, म्हणजे लूप जिथवर साथ देतो ती वारंवारता, किमान 2p लागते, इथे १० रेडियन पर सेकंद, म्हणजे १.६ हर्ट्झ. आणि पोरांनी फिल्टर लावलेला १ चा.

कोणी म्हणेल वेगाचा गेन वाढवा ना. कागदावर चालतं, पण तो वाढवत नेला की फिल्टरने कापलेलंच परत वाढवता आणि घरघरही परत येते.

शेवटी फिल्टर १५ हर्ट्झला नेला, उशीर १० मिलिसेकंदांवर आला, काठी उभी राहिली, थोडी घरघर उरली ती राहू दिली. काठी चौपट लांब केली असती तर p निम्मा झाला असता, पण २.४ मीटरच्या काठीलाही ०.८ हर्ट्झ लागतातच, त्यामुळे १ हर्ट्झचा फिल्टर तिथेही काठावरच.