पांढऱ्यात लपलेलं पांढरं

[दृश्य: मॉनिटरवर डाव्या स्तनाची साधी मॅमोग्राफी]

ही मॅमोग्राफी 48 वर्षांच्या एका बाईंची. हाताला गाठ लागत नाही, दुखत नाही, पण थोरल्या बहिणीला स्तनांचा कर्करोग झालेला. क्ष-किरण चरबीतून सहज पार होतात, म्हणून चरबी काळी दिसते. दुधाच्या ग्रंथी आणि तंतू पांढरे. पंचाईत अशी, की गाठही पांढरीच. घनतेनुसार स्तनांचे ए ते डी असे चार गट करतात. ए म्हणजे बहुतेक चरबी, डी म्हणजे अतिशय दाट. बाईंचा गट डी. अहवालात संशयास्पद काही नाही, पण डी गटात या निर्वाळ्यावर फार विसंबता येत नाही. दाटपणा हाताला कळत नाही, तो चित्रातच दिसतो.

[दृश्य: कमानीत सरकणारी क्ष-किरणांची नळी]

ही टोमोसिंथेसिस. स्तनावरचा दाब तोच, दाबणारी पट्टी तीच. फक्त नळी स्थिर न राहता कमानीत फिरते आणि वाटेत कमी मात्रेची अनेक चित्रं घेते. संगणक त्यांतून साधारण 1 मिलिमीटरचे थर काढतो, पोळीचे पदर सोडवावेत तसे. एकावर एक आलेल्या ऊतींमुळे गाठीचा भास होतो, तो इथे विरून जातो. म्हणून पुन्हा तपासणीला बोलावणी कमी होतात.

[दृश्य: थर एकेक करून पुढे सरकतात, एका जागी डॉक्टर थांबतात]

इथे तंतू एका बिंदूकडे ओढले गेलेत. साध्या चित्रात हे नव्हतं. पण हे ओढलेपण केवढ्या जागेत आहे, ते थरांतूनही कळेना. थरातच चरबी नसेल, तर गाठीची कड उठून दिसणार कशी?

[दृश्य: हाताच्या शिरेत सुई, शेजारी इंजेक्टर]

म्हणून आता कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी. आधी क्रिएटिनिनचा अहवाल पाहिला, कारण हे आयोडीनयुक्त औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. पूर्वी अशा इंजेक्शनने त्रास झाला होता का, तेही विचारलं. किलोमागे दीड मिलिलिटर, वजन 60 किलो, म्हणजे 90 मिलिलिटर. सेकंदाला 3 या वेगाने अर्ध्या मिनिटात आत. अंगातून गरम लाट गेल्यासारखं वाटतं.

नीट पाहा, स्तन अजून दाबलेला नाही. आता दाबला तर रक्तच अडेल आणि औषध पोचणार नाही. साधारण दोन मिनिटं थांबायचं, मग दाब द्यायचा आणि त्याच दाबात लागोपाठ दोन चित्रं घ्यायची. पहिलं कमी ऊर्जेचं, ते नेहमीच्या मॅमोग्राफीसारखंच. दुसरं जास्त ऊर्जेचं, त्यात आयोडीन किरण जोरात शोषतं. दोन्हींची वजाबाकी केली की ग्रंथींचा पांढरा पडदा मावळतो आणि आयोडीन जमलेली जागा उजळ राहते. कर्करोग स्वतःसाठी नव्या, गळक्या रक्तवाहिन्या तयार करतो. आयोडीन तिथेच साठतं. मधल्या क्षणी बाई हलल्या तर वजाबाकी फसते. म्हणून टेक्निशियन म्हणते, "ताई, श्वास रोखा... सोडा."

पाळी अजून बंद न झालेल्यांत निरोगी ग्रंथीही चमकतात, म्हणून शक्यतो चक्राच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख देतात.

[दृश्य: वजाबाकीचं चित्र, दोन उजळ ठिपके]

ओढलेल्या जागी एक. आणि तिथून 3 सेंटिमीटरवर दुसरा, जो आधीच्या दोन्ही तपासण्यांत दिसला नव्हता. बायोप्सीत दोन्हीकडे कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेचा बेत बदलला.

[दृश्य: आलेख]

ब्रिटनमधल्या 10 केंद्रांवरच्या BRAID नावाच्या संशोधन चाचणीचे निकाल 2025 मध्ये आले. 50 ते 70 वयाच्या, दाट स्तनांच्या, मॅमोग्राफीत काही न सापडलेल्या महिला. कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीत हजारी 19 कर्करोग सापडले, झटपट एमआरआयमध्ये 17, स्वयंचलित सोनोग्राफीत 4. यातून किती जीव वाचतात, ते मात्र या चाचणीने दाखवलेलं नाही.

[दृश्य: प्रतीक्षाकक्ष]

ए गटातल्या बहुतेकींना साधी मॅमोग्राफी पुरते. टोमोचा फायदा मधल्या गटांत आणि पहिल्यांदाच तपासणीला आलेल्यांत ठळक. डी गटात निकाल एकसारखे नाहीत. कॉन्ट्रास्टचा खरा लाभ अतिदाट स्तन आणि जोखीम असलेल्यांना, कर्करोग कुठवर पसरला हे शस्त्रक्रियेआधी पाहायचं असेल तेव्हा, आणि एमआरआय जमत नाही अशांना. गर्भवती, मूत्रपिंडाचा गंभीर आजार किंवा या औषधाने आधी मोठा त्रास झालेल्यांना ती करत नाहीत. किरणांची मात्रा थोडी जास्त, चुकीच्या इशाऱ्यामुळे बायोप्सीही होऊ शकते. आणि कॅल्शियमचे बारीक कण संशयास्पद असतील, तर तिथे काही उजळलं नाही म्हणून बायोप्सी टाळायची नाही.

अमेरिकेत सप्टेंबर 2024 पासून प्रत्येक महिलेला तिच्या स्तनांची घनता कळवणं केंद्रांना बंधनकारक आहे. आपल्याकडे अहवाल हातात आला की घनतेची ओळ शोधा. तिथे सी किंवा डी असेल, तर पुढची कोणती तपासणी, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारा.