काजळी कुठून येते?

(घरचा ओटा. सारखेच तीन काचेचे ग्लास, तिन्हींत पेटलेल्या वाती.)

तिन्ही ग्लास आतून ७ सेंटीमीटर रुंद. मेणही एकाच पातेल्यात वितळवलेलं, सोयाचं. फरक आहे तो फक्त वातीच्या जाडीत. पेटवून ३ तास झालेत, आणि पंखा मुद्दाम बंद ठेवलाय. वाऱ्यात चांगली मेणबत्तीही धुरकटते, मग दोष कुणाचा ते कळत नाही.

(पहिला ग्लास, जवळून.)

इथली वात बारीक. ज्योत जेमतेम नखाएवढी. वातीभोवती विहीर खणल्यासारखा खड्डा पडलाय, पण कडेचं मेण जागचं हललेलं नाही. ही वात शेवटी आपल्याच मेणात बुडणार.

(तिसरा ग्लास.)

ही जाड. ज्योत उंच, सारखी थरथरणारी. टोकाला अळंबीसारखं काळं बोंड आणि काचेच्या काठावर काजळी. मेण वातीतून वर चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. जाड वात इतकी वाफ पुरवते की तेवढी हवा ज्योतीला मिळत नाही. न जळलेला कार्बन म्हणजेच हा काळा थर.

(मधला ग्लास.)

मध्यम वात. वितळलेल्या मेणाचं तळं आत्ता कुठे काठाला टेकलंय, खोली साधारण १ सेंटीमीटर. ढोबळ हिशेब असा, की दर अडीच सेंटीमीटर रुंदीला एक तास. हा ग्लास त्यात बसला.

मग हीच वात पॅराफिनलाही चालेल? करून बघितलं.

(चौथा ग्लास, पॅराफिनचा.)

तळं लवकर काठाला भिडलं आणि ज्योत धुरकटू लागली. वितळलेलं सोया मेण दाट, वातीतून सावकाश चढतं. पॅराफिन पातळ, भराभर चढतं. म्हणून त्याच ग्लासात पॅराफिनला एक नंबर बारीक वात घ्यावी लागली.

आणि हो, समईची वात इथे वापरू नका. मेणबत्तीला विणलेली सुती वात लागते. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जातं. कापसाची वळलेली वात तशी वाकेलच असं नाही, मग टोकाशी कोळसा साठतो. विणलेली वातसुद्धा दर वेळी पेटवण्याआधी ५ मिलिमीटरवर कातरायची.

(मधला ग्लास, काही दिवसांनी. मेण तळाशी आलेलं.)

मधला ग्लास जिंकला म्हणून आम्ही डबाभर मेण ओतणार होतो. थांबलो ते बरं झालं. मेण खाली गेलं तशी ज्योत काचेच्या भिंतींत कोंडली, आतली उष्णता वाढली, आणि वर स्वच्छ जळणाऱ्या याच वातीने तळाशी हलका धूर सोडला. आता एक नंबर बारीक वात घालून पाचवा ग्लास ओतलाय. तो तळापर्यंत जाळून बघायचा.