कागदाचा रंग शाईतून वजा करताना

आज एकच पान घेऊ. पुण्यातल्या एखाद्या संस्थेच्या कपाटात सापडणाऱ्या जुन्या स्मरणिकेचं, खिळ्यांनी छापलेलं, ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलेलं. तळच्या दोन ओळी कसरीने खाल्ल्यात. दुसऱ्या प्रतीत त्या वाचता येतात, म्हणून त्या नव्याने टाइप करून इथे बसवायच्या आहेत.

टाइप केलेल्या ओळी स्कॅनच्या वर वेगळ्या लेयरवर ठेवून तिला मल्टिप्लाय मोड लावायचा. हा मोड वरच्या आणि खालच्या लेयरच्या रंगांच्या ० ते २५५मधल्या आकड्यांचा गुणाकार करून २५५ने भागतो. त्यामुळे पांढरं नाहीसं होतं आणि बाकी सगळं कागदाला गडदच करतं. उजळ काहीच करत नाही. म्हणून तुटक्या अक्षरांचे अवशेष आणि भोकं आधी हीलिंग ब्रशने भरून घ्या, तेही त्याच पानाच्या कोऱ्या समासातून. अवशेष राहिले, तर ते नव्या अक्षरांमागून डोकावतात.

आता रंग. शुद्ध काळा शून्य असतो, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. तो रंग ठेवला, तर मल्टिप्लाय लावल्याचा काही फरकच दिसत नाही. मग बरेच जण शेजारच्या अक्षरावरून आयड्रॉपरने रंग उचलतात. इथेच खरी फसगत होते, कारण त्या रंगात कागदाचा पिवळेपणा आधीच मिसळलेला असतो आणि गुणाकारात तो दुसऱ्यांदा मिसळतो.

समजा, कागद लाल २३२, हिरवा २१८, निळा १८६ आहे आणि शाई ७०, ६०, ५२. उचललेला रंग तसाच वापरला, तर पानावर साधारण ६४, ५१, ३८ उमटेल, म्हणजे जास्त गडद आणि तपकिरी. त्याऐवजी शाईच्या प्रत्येक आकड्याला २५५ने गुणा आणि कागदाच्या त्याच रंगाच्या आकड्याने भागा. उत्तर येतं ७७, ७०, ७१. हा जवळजवळ साधा राखाडी रंग आहे. तपकिरी छटा कागदाची होती, शाईची नव्हती! गिंपच्या नव्या आवृत्त्यांत नेहमीचा मल्टिप्लाय गुणाकार वेगळ्या पद्धतीने करतो. तिथे लेगसी गटातला मोड निवडा आणि बसवलेल्या अक्षरावर आयड्रॉपर ठेवून आकडा पडताळा.

एवढं करूनही अक्षर गुळगुळीत दिसेल. ७०चा रंग कागदाचा पोत जेमतेम पाव भाग पुढे जाऊ देतो. कागदावर १२ पायऱ्यांचा चढउतार असेल, तर अक्षरात तीनच उरतात. छापील शाईचा ठिपकेदारपणा मात्र तिचा स्वतःचा असतो, त्यामुळे तो मजकुराच्याच लेयरवर आणावा लागतो. थोडा नॉइज घाला, तो दोनेक पिक्सेल ब्लर करा आणि अक्षरांपुरताच मर्यादित ठेवा.

अक्षरांच्या कडांना ०.७ पिक्सेलपासून गॉसियन ब्लर लावून पाहा. आकडा पाठ करू नका. शंभर टक्के झूमवर जुन्या अक्षराची कड जितक्या पिक्सेलांत विरते, तितक्यातच नवीही विरायला हवी.

ओळींभोवती किंचित गडद चौकोन दिसला, तर मजकुरामागची पार्श्वभूमी २५५ नसून २५०च्या आसपास आहे असं समजा. लेव्हल्समध्ये पांढरं टोक तिथे ओढलं की चौकोन जातो.