डावीकडची देवडी, उजवीकडची विहीर

(नागपुरात शालेय भाषाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, वर्णनाचा उतारा शिकवताना आपण सगळेच एक वाक्य म्हणतो : "मुलांनो, डोळे मिटा आणि हे दृश्य डोळ्यांसमोर आणा." मुलं डोळे मिटतात. "दिसलं का?" विचारलं की "हो" असा एकसुरी गजर होतो आणि आपण पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. काय दिसलं, कुठं दिसलं, उताऱ्यात होतं तेच दिसलं का, हे कुणी तपासत नाही. माझं आजचं बोलणं एवढ्याच तपासणीबद्दल आहे. त्यातही फक्त जागेच्या वर्णनाबद्दल. माणसांची वर्णनं, निसर्गाच्या कविता आज बाजूला ठेवू.

एक छोटा उतारा आहे. मीच लिहिलाय, वाडा आपल्या महाल भागातला आहे असं समजा.

"वाड्याचा मोठा दरवाजा पूर्वेला होता. आत शिरलं की डाव्या हाताला देवडी लागे. पुढे फरसबंदी चौक, चौकाच्या मधोमध तुळशीवृंदावन. चौक ओलांडून तीन पायऱ्या चढलं की दरवाजाच्या अगदी समोर ओसरी. आजोबा ओसरीवर दरवाजाकडे तोंड करून बसत. त्यांच्या उजव्या हाताला चौकाच्या कडेची विहीर होती. पाणी भरायला आलेल्यांना ते बसल्या जागेवरून हाक मारत."

आता प्रश्न. विहीर देवडीच्या बाजूला, की चौकाच्या पलीकडच्या बाजूला?

तुमच्यापैकी बरेच जण हाताची बोटं हलवू लागलात, ते बरोबरच आहे. वर्गात मात्र पटकन उत्तर येतं, "पलीकडे." का, तर "सर, देवडी डावीकडं आहे अन् विहीर उजवीकडं, मग समोरासमोरच असते नं!" या मुलाने उतारा नीट वाचलाय, एकही शब्द चुकलेला नाही. त्याने शब्द लक्षात ठेवलेत, जागा उभी केलेली नाही. डावं आणि उजवं हे दोन शब्द त्याने शेजारी ठेवले आणि वजाबाकी केली.

आता जागा उभी करून बघू. दरवाजा पूर्वेला, म्हणजे आत शिरताना माझी पाठ पूर्वेला आणि तोंड पश्चिमेला, साधारण बर्डीच्या दिशेने. पश्चिमेला तोंड असताना डावा हात दक्षिणेला. देवडी दक्षिणेला. आता आजोबा. ते दरवाजाकडे, म्हणजे पूर्वेला बघताहेत. त्यांचा उजवा हातही दक्षिणेलाच. विहीर आणि देवडी एकाच अंगाला आहेत! देवडीतला माणूस आणि विहिरीवरची बाई एका रांगेत आहेत, समोरासमोर नाहीत.

गडबड झाली ती मध्येच वाचकाची जागा बदलल्यामुळे. पहिली चार वाक्यं आपण चालत होतो, पाचव्या वाक्यात लेखकाने आपल्याला आजोबांच्या शेजारी नेऊन बसवलं. लिहिणारे हे सारखं करतात आणि सांगून करत नाहीत. म्हणून जागेचं चित्र शिकवताना मी "काय दिसतं?" हा प्रश्न आधी विचारत नाही. पहिला प्रश्न, "तू कुठं उभा आहेस?" दुसरा, "तोंड कुणीकडे?" ही दोन उत्तरं मिळाल्याशिवाय एकही वस्तू चित्रात ठेवायची नाही. आणि उताऱ्यात उभं राहण्याची जागा बदलली की तिथे पेन्सिलने समासात एक छोटा बाण काढायचा. आपल्या उताऱ्यात असा बाण "आजोबा ओसरीवर" या शब्दांपाशी येईल.

जागेची वर्णनं दोन तऱ्हेने लिहिलेली असतात. एका तऱ्हेत लेखक आपल्याला हात धरून फिरवतो : वळा, चढा, डावीकडे बघा. दुसऱ्या तऱ्हेत तो वरून नकाशा बघावा तसं सांगतो : उत्तरेला तलाव, तलावाच्या दक्षिणेला वस्ती. होली टेलर आणि बार्बरा ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1992 साली याच दोन तऱ्हांची वर्णनं वाचायला देऊन नंतर प्रश्न विचारले. उताऱ्यात थेट न सांगितलेली, मनाशी काढावी लागणारी उत्तरं वाचकांना दोन्ही बाजूंनी सारखीच देता आली. फिरवून आणलेल्यांना नकाशाचे प्रश्न सुटले, नकाशा वाचलेल्यांना फिरतीचे. म्हणजे नीट वाचणाऱ्याच्या मनात तयार होते ती नुसती फोटोसारखी एक चौकट नव्हे. ती जागाच असते, तिच्यात वाटेल तिथून शिरता येतं. आपल्या वाड्यातल्या विहिरीचा प्रश्न नेमका त्याच कसोटीचा आहे.

वर्गात हे कसं करायचं? पहिल्या वेळी उतारा शिक्षकानेच वाचावा. ज्या मुलाची अर्धी शक्ती जोडाक्षरं सोडवण्यात जाते त्याच्याकडे वाडा बांधायला काही उरत नाही, त्याला ऐकू द्या. एका वाक्यावर थांबा आणि मोठ्याने विचार करा : "दरवाजा पूर्वेला. मी बाहेर उभा आहे. आत शिरतो, तोंड पश्चिमेला. डावीकडे देवडी, ठेवली." तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासून हे बोलणं मुलांकडे सोपवा. एक मूल वाक्य वाचेल, शेजारचं बोलेल. चित्र काढायला कागद शेवटी द्यायचा, तोही वरून दिसणारा आराखडा काढायला. तुळशीवृंदावनाला रांगोळी आणि आजोबांना मिशा काढत बसलेली मुलं मन लावून काम करतायत असं वाटतं. पण त्यांची विहीर कुठे आहे ते बघा.

आराखडा झाला की दोन रंग हातात घ्या. उताऱ्यात सांगितलेल्या गोष्टी निळ्या, स्वतःच्या पदरच्या लाल. विहिरीला रहाट? लाल. देवडीत पहारेकरी? लाल. तीन पायऱ्या? निळ्या. लाल असणं हा गुन्हा नाही. पदरचं घातल्याशिवाय कुणालाच चित्र उभं करता येत नाही. मात्र पुढच्या वाक्याने लाल गोष्ट खोटी ठरवली तर ती पुसायची तयारी हवी, आणि पुसायची तर आधी ती लाल आहे हे माहीत हवं.

इथे नागपूरच्या मुलांची एक खास अडचण येते. पाठ्यपुस्तकात कोकणचा समुद्र येतो. मुलाने पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे अंबाझरी किंवा फुटाळा. मग तो समुद्राच्या जागी अंबाझरी ठेवतो. चांगलं करतो, रिकामं ठेवण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. पण त्याच्या समुद्राला पलीकडचा काठ असतो. मग "पाणी जिथे आभाळाला टेकतं" हे वाक्य त्याच्या चित्रात बसत नाही, आणि भरती-ओहोटीने किनारा मागे-पुढे होतो हे तर अजिबातच नाही. अशा वेळी "समुद्र फार मोठा असतो बरं" सांगून भागत नाही. त्याच्या अंबाझरीवरच काम करायचं : "पलीकडचा काठ काढून टाक. झाडं, इमारती, सगळं काढ. आता काय उरलं? नुसतं पाणी आणि आभाळ. आता ते पाणी दिवसातून दोनदा तुझ्या पायाकडे चढव आणि दोनदा मागे ने." ओळखीच्या जागेतून काय वजा करायचं आणि काय घालायचं, हे उताऱ्यातल्या शब्दांवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. किल्ल्याचंही तसंच. बर्डीच्या टेकडीवरचा किल्ला ज्याच्या डोळ्यांत आहे त्याला सह्याद्रीतल्या गडाची चढण तासाभराची का, ते आपोआप कळणार नाही.

मनात चित्र करायला सांगितल्याने खरंच फरक पडतो का, हे बरंच तपासलं गेलंय. मायकेल प्रेस्ली यांच्या 1976 च्या प्रयोगात आठ वर्षांच्या मुलांना आधी चित्र करण्याचा सराव दिला, मग गोष्ट वाचायला दिली. सराव न मिळालेल्यांपेक्षा त्यांना गोष्ट जास्त आठवली. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो लिंडा गॅम्ब्रेल आणि रूबी बेल्स यांचा 1986 चा प्रयोग. त्यांनी वाचनात मागे असलेली चौथी-पाचवीची मुलं घेतली आणि मुद्दाम विसंगती पेरलेले उतारे दिले. मनात चित्र करायला सांगितलेल्या मुलांना त्या विसंगती जास्त सापडल्या. हे आपण उद्याच वर्गात करू शकतो. वाड्याच्या उताऱ्याच्या शेवटी एक वाक्य जोडा :

"संध्याकाळचं ऊन थेट ओसरीत येई आणि आजोबांचे डोळे दिपत."

शब्द वाचणाऱ्याला वाक्य गोड वाटतं. जागा उभी केलेला थबकतो. आजोबांचं तोंड पूर्वेला, संध्याकाळी सूर्य त्यांच्या पाठीशी, मध्ये ओसरीची भिंत. डोळे दिपायचे तर सकाळी दिपतील. जे मूल "सर, हे चुकलंय" म्हणेल त्याला "कशावरून?" विचारा आणि त्याला पहिल्या वाक्यापर्यंत मागे जाऊ द्या. पूर्वेचा दरवाजा तिथे आहे.

हे सगळीकडे चालत नाही. वादाचा लेख, व्याख्या, कारणमीमांसा यांत चित्राने वाट चुकते. मूल "अर्थव्यवस्था" वाचून बाजार बघत बसतं. जागेच्या उताऱ्यातही दर वाक्याला थांबणं सुरुवातीपुरतंच ठेवा. सवय लागली की फक्त समासातल्या बाणांपाशी थांबायचं, नाहीतर वाचनाचा वेगच मरतो. आणि पानावर आधीच छापील चित्र असेल तर पहिल्या वाचनाला ते हाताने झाकायला सांगा. नाहीतर मूल उताऱ्याऐवजी चित्रच वाचतं.

शेवटी एक गोष्ट, कारण प्रश्नोत्तरांत ती येणारच. काही माणसांना मनात चित्र दिसतच नाही. अगदी आईचा चेहराही नाही. 2015 साली ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला ॲफँटेसिया असं नाव दिलं. असं एखादं मूल तुमच्या वर्गात असू शकतं आणि ते सगळ्यांबरोबर "हो, दिसलं" म्हणत असेल. त्याला "किती स्पष्ट दिसलं, रंग कोणता होता" असं विचारू नका. विहिरीचा प्रश्न विचारा. चित्र न दिसताही ते हाताने दिशा दाखवून, बाकावर खोडरबर आणि पेन्सिली मांडून बरोबर उत्तर देऊ शकतं. खोडरबर म्हणजे ओसरी, टोपण म्हणजे विहीर. गुण द्यायचे ते टोपण कुठे ठेवलं त्याला.